सी-टू-सी केबलवर काटा चार्ज होत नाही, जुन्या चार्जरवर होतो. काय भानगड?

सूतवाला

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सुताचे कोन तोलायला टेबलावरचे रिचार्जेबल काटे घेतलेत, चार्जिंगला सी सॉकेट. सोबत आलेली केबल एका टोकाला जुनी चपटी आणि दुसऱ्या टोकाला सी. ती कुठल्याही जुन्या मोबाइल चार्जरला लावली की काटा निमूट चार्ज होतो.

पण आता कामगारांकडे नवे चार्जर आणि दोन्हीकडे सी असलेल्या केबली. त्या लावल्या की एका काट्यावर लाल दिवासुद्धा लागत नाही. दुसऱ्याचं तर लहरीवर चालतं, कधी लागतो, कधी नाही. त्याच चार्जरवर, त्याच केबलवर मोबाइल झकास चार्ज होतो. एका दुकानात दाखवलं, त्यांनी सॉकेट बदलून दिलं, पैसे घेतले आणि फरक शून्य. हे नक्की काय आहे?

मामा_रिपेअर

नवी पेठेत रोज असली गिऱ्हाइकं येतात. फास्ट चार्जर नऊ व्होल्ट सोडतो बे, काट्याच्या बोर्डाला ते झेपत नाहीत, म्हणून बोर्ड बंद पडतं. जुना पाच व्होल्टचा चार्जर वापर, विषय संपला.

पार्क_चौक

मामांशी सहमत. फास्ट चार्जर लावून माझा ब्लूटूथ स्पीकर असाच गेला.

अनुराधा_ज

मामा, सी पोर्टचा चार्जर न मागता नऊ व्होल्ट सोडत नाही. नऊ हवे असतील तर समोरच्या वस्तूने त्याच्याशी रीतसर बोलणी करावी लागतात. ती झाली नाहीत तर जास्तीत जास्त पाचच मिळतात. इथे तर तेही मिळत नाहीयेत. जुन्या चार्जरवर चालेल हा तुमचा सल्ला मात्र बरोबर आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे.

सूतवाला, तुमचा जो काटा लहरीवर चालतो त्याच्यावर एक गोष्ट करून बघा. आधी केबलचं काट्याकडचं टोक काढून उलटं करून लावा. मग ते तसंच ठेवून फक्त चार्जरकडचं टोक उलटं करा. कशाने फरक पडतो ते सांगा. दुरुस्ती नंतर.

केतकी_स

माझंही असंच! माझ्या लॅपटॉपला मोबाइलचा सी चार्जर लावला की ‘स्लो चार्जर’ असा मेसेज येतो आणि बॅटरी उलट उतरते. केबल उलटी लावून बघू का?

अनुराधा_ज

केतकी, तुझा प्रश्न वेगळा आहे गं. लॅपटॉपला बहुतेक २० व्होल्ट हवेत आणि मोबाइलचा चार्जर तेवढे देत नसणार. केबल उलटी करून काही होणार नाही. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात व्होल्ट आणि अँपियर लिहिलेले असतात ते वाच, आणि वेगळा धागा काढ, तिथे बोलू.

सूतवाला

अनुराधाताई, कमाल झाली. चार्जरकडचं टोक कसंही लावा, काही फरक नाही. काट्याकडचं उलटं केलं की लगेच दिवा लागतो, परत उलटं केलं की जातो. म्हणजे लहर वगैरे काही नव्हती, आम्हीच कधी असं कधी तसं घालत होतो. पण जो काटा लागतच नाही तो कसाही घातला तरी लागत नाही.

अनुराधा_ज

मग उत्तर बरंचसं मिळालं. जरा सविस्तर लिहिते.

जुन्या चपट्या पोर्टवर पाच व्होल्ट कायम उभे असतात, कोणी जोडलेलं असो वा नसो. सी पोर्टवर तसं नसतं. रिकाम्या सी सॉकेटच्या पॉवरच्या पिनांवर काहीच नसतं, समोर खरोखर कोणीतरी वीज घेणारं आहे याची खात्री पटल्याशिवाय चार्जर ती चालूच करत नाही. ही खात्री तो करतो सीसी नावाच्या दोन पिनांवरून. सॉकेटमध्ये त्या दोन असतात, सीसी१ आणि सीसी२, मधल्या जिभेच्या एकेका बाजूला एक.

चार्जर या दोन्ही पिनांना रेझिस्टरमधून वर ओढून ठेवतो. वीज घेणाऱ्या वस्तूने आपल्या दोन्ही पिनांवरून जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, ५.१ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर लावायचा असतो. केबल जोडली की चार्जरला आपल्या एका पिनेवरचा व्होल्टेज खाली आलेला दिसतो. कोणीतरी आहे म्हणायचं. मग तो शंभर-दोनशे मिलिसेकंद थांबून बघतो, टोक घालताना झालेली खडखड तर नाही ना, आणि मगच पाच व्होल्ट सोडतो.

आता खरी मेख. सॉकेटात सीसीच्या पिना दोन असल्या तरी केबलमधून सीसीची तार एकच जाते. केबल जशी घालाल तशी ती तार काट्याच्या सीसी१ वर तरी येते नाहीतर सीसी२ वर. तुमच्या काट्यात एकाच पिनेवर रेझिस्टर असणार. तार त्याच्यावर आली की चार्जरला काटा दिसतो, दुसरीवर आली की त्याच्या दृष्टीने केबलच्या पलीकडे कोणीच नाही. चार्जरकडचं टोक उलटं केल्याने फरक पडला नाही, कारण चार्जरच्या दोन्ही पिना ठीकठाक आहेत. दोष ज्या बाजूला असतो त्याच बाजूचं टोक उलटं केल्यावर तो दिसतो.

जो काटा लागतच नाही त्यात बहुधा दोन्ही रेझिस्टर गायब आहेत. दोघांचे मिळून दहा-वीस पैसे वाचले असतील बनवणाऱ्याचे.

मामा_रिपेअर

म्हणजे घराला दारं दोन आणि बेल एकाच दाराला. पटलं.

पण ताई, जुन्या केबलीत तर हे काहीच लागत नाही मग?

अनुराधा_ज

लागतं, पण चार्जरला नाही. चपटी-ते-सी केबलच्या सी टोकाच्या आतच ५६ किलो-ओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो, पॉवरच्या तारेपासून सीसीपर्यंत. तो फक्त काट्याला दाखवण्यापुरता. चपट्या टोकाला सीसी नसतेच, त्यामुळे जुन्या चार्जरला यातलं काहीही कळत नाही, तो आपला पाच व्होल्ट ओतत बसतो. म्हणून रेझिस्टर नसलेला काटाही त्याच्यावर चालतो, आणि बनवणाऱ्याने चाचणी याच केबलने केली असेल तर त्याला हा दोष कधी दिसलाच नसेल.

हुतात्मा_बाग

एक शंका. यूएसबी-सी तर कशीही घाला, चालते. मग दिशा ओळखायची गरजच काय? पॉवर दोन्हीकडे सारखीच आहे ना?

अनुराधा_ज

पॉवर, ग्राउंड आणि जुन्या यूएसबी २ च्या डेटा तारांपुरतं तुझं बरोबर आहे. डेटाच्या त्या पिना सॉकेटात दोन्ही बाजूंना आहेत आणि बोर्डावर आपसात जोडलेल्या असतात, त्यामुळे दिशेशी देणंघेणं नाही. पण वेगवान डेटाच्या जोड्या तशा नुसत्या एकत्र जोडता येत नाहीत, सिग्नल बिघडतो. तिथे कुठली सीसी पिन लागली ते पाहून एक स्विच योग्य जोडीकडे वळवावा लागतो. बाहेरची एसएसडी एका बाजूने घातली की सुसाट आणि दुसऱ्या बाजूने घातली की यूएसबी २ च्या वेगाने रांगते, असं दिसलं तर या स्विचवर नाहीतर त्या बाजूच्या पिनांवर संशय घ्यायचा.

दुसरं काम असं की, जी सीसी पिन तारेला लागली नाही ती रिकामी बसत नाही. जाड, पाच अँपियरच्या केबलच्या टोकात एक चिप असते, ई-मार्कर. तिला लागणारी वीज या उरलेल्या पिनेवरून दिली जाते. म्हणून चार्जरला दोन्हींतली कुठली कुठे आहे हे कळायलाच हवं.

सूतवाला

आता मीटर घेऊन बसलोय. कुठे टोचू? पिना केसासारख्या आहेत.

मामा_रिपेअर

काट्याच्या बोर्डावर बहुतेक सहा पायांचं सॉकेट असतंय, नुसतं चार्जिंगवालं. मागून बघ. कडेचे दोन ग्राउंड, त्यांच्या आतले दोन पॉवर, आणि मधले दोन तुझे सीसी. बॅटरी काढ, केबल काढ, मीटर ओहमवर ठेव, एक काडी ग्राउंडला आणि दुसरी मधल्या पायांवर एकेक करून.

आणि एक बघ. बाजारात दोन पायांचं सी सॉकेट पण मिळतंय, नुसतं पॉवर आणि ग्राउंड. ते बसवलेलं असेल तर सीसीचा पाय बाहेरच काढलेला नसतो. तसं असलं तर सॉकेटच बदलायला लागतंय.

सूतवाला

दोन्ही उघडले. सहाच पाय आहेत. लहरी काट्यात मधल्या एका पायावर ५.०८ किलो-ओहम, दुसऱ्यावर मीटर काहीच दाखवत नाही. ठार बंद काट्यात दोन्ही मधले पाय मोकळे. बोर्डावर त्यांच्या शेजारी आर७ आणि आर८ असं छापलंय, दोन्ही जागांवर नुसते चकचकीत पॅड आहेत, वर काही नाही. लहरीत आर७ आहे, आर८ नाही.

अनुराधा_ज

झालं तर. डिझाइन करणाऱ्याने जागा सोडली होती, भरणाऱ्याने भरली नाही. ५.१ किलो-ओहमचे, एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर घ्या आणि त्या पॅडवर बसवा.

मामा_रिपेअर

एवढं कशाला? मधल्या दोन पायांवर सोल्डरचा एक थेंब टाकायचा, दोन्ही जोडायचे, आणि एकच रेझिस्टर ग्राउंडला. केबल कशीही घाला, लागणार. मी कित्येक ब्लूटूथ स्पीकर असे करून दिलेत, एकही परत आला नाही.

अनुराधा_ज

मामा, साध्या केबलवर हे चालतं, म्हणूनच परत येत नाहीत. पण २०१९ साली रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर बाजारात आला तेव्हा त्यात नेमकं हेच केलेलं होतं, दोन्ही सीसी एकत्र आणि मध्ये एकच ५.१ किलो-ओहम. लॅपटॉपची ई-मार्करवाली केबल लावली की तो सुरूच होईना. पुढच्या आवृत्तीत त्यांना ते दुरुस्त करावं लागलं.

कारण असं. ई-मार्करवाल्या केबलमध्ये सीसीखेरीज जी दुसरी पिन असते तिच्यावर ग्राउंडला साधारण एक किलो-ओहमचा भार असतो. तुम्ही दोन्ही पाय जोडले की तो भार आणि तुमचा ५.१ समांतर होतात:

```
(5.1 × 1) / (5.1 + 1) = 0.836 kΩ
```

चार्जरला एका पिनेवर हे ८३६ ओहम दिसतात, आणि दुसऱ्या पिनेवर त्याच्याकडच्या टोकातला एक किलो-ओहम. दोन्हीकडे एवढा कमी रेझिस्टन्स म्हणजे हेडफोनचं अडॅप्टर लागलंय, असा नियमातला अर्थ आहे. हेडफोनला कोण पाच व्होल्ट देणार? तो गप्प बसतो.

मामा_रिपेअर

आता सुताच्या काट्याला लॅपटॉपची शंभर वॅटची केबल कोण लावतंय ताई? पॅडवर तेवढा बारीक रेझिस्टर बसवायला मला भिंग लागतं. गिऱ्हाइक उभं असतं.

पार्क_चौक

आमच्या ऑफिसात एकच केबल असते आणि ती सगळ्यालाच लागते. कोणीतरी लावणारच.

सूतवाला

आमच्याकडे पॅड तयार आहेत तर दोन वेगळेच बसवतो. बाकी मामांचा मुद्दाही कळला.

हुतात्मा_बाग

मी कॉलेजच्या प्रोजेक्टला एलईडी पट्ट्यांचा बोर्ड करतोय, ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरवर. पूर्ण उजेडाला साधारण अडीच अँपियर लागतात. म्हणजे मी ५.१ किलो-ओहमचे दोन लावले की मला तीन अँपियर मिळणार, बरोबर? नेटवर सगळीकडे असंच लिहिलंय.

अनुराधा_ज

अर्धं बरोबर. ५.१ किलो-ओहम एवढंच सांगतो की मी वीज घेणारा आहे. किती देणार ते चार्जर सांगतो, आणि तेही त्याच सीसी तारेवर.

त्याची रीत साधी आहे. चार्जर सीसीला किती जोराने वर ओढतो यात त्याचं उत्तर असतं. पाच व्होल्टला ५६ किलो-ओहमने ओढलं तर अर्थ असा की नेहमीचा यूएसबीचा करंट घे, म्हणजे यूएसबी २ ला ५०० मिलिअँपियर, यूएसबी ३ ला ९००. २२ किलो-ओहम असेल तर दीड अँपियर, १० असेल तर तीन. तुझ्या बाजूला ५.१ ठरलेला, त्यामुळे तुझ्या पिनेवर दर वेळी वेगळा व्होल्टेज येतो. ५६ चं उदाहरण:

```
5 × 5.1 / (56 + 5.1) = 0.42 V
```

तसंच २२ ला साधारण ०.९४ आणि १० ला १.६९ व्होल्ट. बरेच चार्जर रेझिस्टरऐवजी ठरावीक मायक्रोअँपियर सोडतात, पण तुझ्या पिनेवर आकडे याच्या जवळपासच येतात. मधल्या हद्दी ०.६६ आणि १.२३ व्होल्टला आहेत. त्याखाली-वर बघून ठरवायचं.

हुतात्मा_बाग

म्हणजे ईएसपीच्या एडीसीवर, व्होल्टेज मोजणाऱ्या पिनेवर, सीसी थेट जोडून वाचू शकतो? असं काहीतरी:

```
int a  = analogReadMilliVolts(CC1);
int b  = analogReadMilliVolts(CC2);
int cc = max(a, b);
int mA = 0;
if      (cc > 1230) mA = 3000;
else if (cc > 660)  mA = 1500;
else if (cc > 200)  mA = 500;
```

अनुराधा_ज

कोड ठीक आहे, मोठा आकडा घेतोस ते योग्य, कारण दुसरी पिन शून्याजवळ असते. a मोठा की b, यावरून केबल कशी घातली तेही फुकटात कळेल. थेट मात्र जोडू नकोस, मध्ये १०० किलो-ओहम घाल.

का, ते नीट समजून घे, कारण हा दोष सापडता सापडत नाही. बोर्डाला अजून वीज मिळालेली नाही, ईएसपी मेलेला आहे. अशा वेळी त्याच्या पिनेच्या आतला संरक्षक डायोड सीसीवरचा व्होल्टेज बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या तारेकडे ओढून नेतो. तीन अँपियरवाल्या चार्जरला खरं तर १.७ दिसायला हवेत, दिसतात ०.६-०.७. त्या चार्जरच्या हिशेबात ०.८ च्या खाली म्हणजे केबलची चिप, वीज घेणारा नव्हे. तो वीज देत नाही, वीज नाही म्हणून ईएसपी जागा होत नाही. अर्धा अँपियरवाल्या चार्जरवर मात्र तोच बोर्ड सुरू होतो, कारण तिथे मुळात ०.४ च अपेक्षित असतात. मोठ्या चार्जरवर बंद आणि लहानावर चालू, असं दिसलं तर इथेच बघ.

आणि एकदाच वाचून थांबू नकोस. मोठे चार्जर सुरुवातीला याच तारेवर पीडीचे, म्हणजे जास्त व्होल्टच्या त्या बोलणीचे, संदेश पाठवत असतात, तेवढ्या वेळात आकडा नाचतो. थोड्या थोड्या अंतराने वाच आणि स्थिर झालेला आकडा घे. पुढेही वाचत राहा. दोन पोर्टच्या चार्जरला दुसरा मोबाइल लावला की तो तुझ्याकडची ओढ तीनवरून दीडवर आणू शकतो, आणि नियमाप्रमाणे तू लगेच कमी घ्यायला हवंस.

पार्क_चौक

आणि नाही घेतलं तर? चार्जर थांबवतो का?

अनुराधा_ज

सीसीवरचा आकडा म्हणजे चार्जरने दिलेला शब्द आहे, तो काही फ्यूज नाही. तू जास्त ओढलंस तर चार्जरचं स्वतःचं ओव्हरकरंट संरक्षण कुठेतरी तोडेल, किंवा व्होल्टेज खाली येत राहील, किंवा चार्जर नुसताच तापेल. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली तो आधीच तापलेला असतो.

फसवणूक केबलही करू शकते. २०१५ च्या सुमारास बऱ्याच चपटी-ते-सी केबलींमध्ये ५६ ऐवजी १० किलो-ओहम घातलेला होता. म्हणजे मागे चार्जर अर्ध्या अँपियरचा, आणि केबल मोबाइलला सांगतेय तीन घे. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लिऊंग यांनी तेव्हा बाजारातल्या केबली विकत घेऊन एकेक तपासल्या आणि निकाल जाहीरपणे लिहिले होते. अशी केबल ओळखायची तर चपट्या टोकाच्या पॉवर पिनेपासून सी टोकाच्या सीसीपर्यंत ओहम मोजायचे. ५६ च्या आसपास यायला हवेत.

मामा_रिपेअर

हे कामाचं सांगितलंत. माझ्याकडे सुट्या केबलींचं पोतं आहे, उद्या मोजतो सगळ्या.

सूतवाला

रेझिस्टर बसवले (मी नाही, पुतण्याने). दोन्ही काटे आता सी-टू-सीवर दोन्ही बाजूंनी चार्ज होतात. ताईंनी सांगितल्यासारखं चालू असताना मधल्या पायांवर व्होल्ट पाहिले. कामगाराच्या मोबाइल चार्जरवर १.६८, दुसरा पाय शून्य. केबल उलटी केली की पायांची अदलाबदल. जुन्या चपट्या केबलीवर ०.४१.

आता एकच राहिलं. पॉवर बँकेवर सी-टू-सी लावलं की काटा सुरू होतो आणि थोड्या वेळाने बंद. केबल काढून घातली की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. हाही सीसीचाच प्रकार का?

मामा_रिपेअर

नाही बे. काटा करंट अगदी कमी घेतोय, पॉवर बँकेला वाटतं काम संपलं, ती झोपते. सगळ्या स्वस्त पॉवर बँका असंच करतात.

अनुराधा_ज

मामांचं असू शकतं. पण पॉवर बँकेचा सी पोर्ट देतोही आणि घेतोही, त्यामुळे ती सीसीवर आलटून पालटून दोन्ही वेश घेत असते, आणि मध्येच परत शोधायला लागत असेल तर लक्षण हेच दिसेल. सूतवाला, बंद पडायच्या क्षणी सीसीचा पाय मीटरवर धरून ठेवा. पॉवर गेल्यावरही तिथे ०.४ किंवा त्याहून जास्त व्होल्ट स्थिर राहिले तर पॉवर बँकेला काटा अजून दिसतोय, नुसती वीज तोडलीय, म्हणजे मामा बरोबर. आकडा वरखाली व्हायला लागला तर ती पुन्हा शोधाशोध करतेय. आणि सपशेल शून्य झाला तर बँक पूर्ण झोपली की पोर्ट बिघडलाय हे मला इथून सांगता येणार नाही.

सूतवाला

पॉवर बँक पुतण्या घेऊन गेलाय पंढरपूरला. आला की मोजून टाकतो.